कथा : गिरणी

भरडा

बरेच दिवस ड्राफ्टमध्ये पडून होती, आज टाकतोय. लांबली आहे, सांभाळून घ्या.

---

निफाडकडची थंडी ज्यांनी खाल्लीय त्यांना डिसेंबरात सकाळी सातची शाळा म्हणजे काय ते सांगायला नको. ब्लेझर नेव्ही ब्लू, आणि अमोलचा तर नवाकोरा, नववीत उंची वाढली म्हणून दिवाळीनंतर शिवलेला. नवीन कापडावर सगळं जास्तच दिसतं.

सुरुवात इतिहासाच्या सरांनी केली खरं तर. शाबासकी द्यायला खांद्यावर थाप मारली आणि मग हात खिशातल्या रुमालाला पुसला. बोलले काहीच नाहीत. पण मागच्या बाकावरच्यांनी तो रुमाल पाहिला, आणि मधल्या सुट्टीपर्यंत अमोलचं काश्मीर झालं होतं. कुणी म्हणायचं आज बर्फ जास्त पडलाय, कुणी डबा पुढे करायचं, भाजी अळणी आहे, जरा मान हलव. एक जण मागून नुसती फुंकर मारायचा, ती फुंकर मानेवर लागली की अमोलला कळायचं की आता सगळे बघतायत.

मग त्याने युक्त्या काढल्या. दप्तराचा पट्टा आलटून पालटून दोन्ही खांद्यांवर. कंपासमध्ये सेलोटेपचा रोल, तो चिकट बाजू बाहेर करून दोन बोटांना गुंडाळायचा आणि मुतारीत जाऊन खांदे टिपायचे, ओल्या हाताने पुसायचं नाही कारण ओलं वाळलं की पांढरे ओरखडे उठतात. खाज आली तर वर्गात हात डोक्याकडे न्यायचा नाही, पेनाचं टोपण कानामागे नेल्यासारखं करायचं आणि तेवढ्यात एकदा ओढून घ्यायचं. शेवटचा बाक पकडायचा म्हणजे मागे कोणी नसतं. पण प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभं करायचे, आणि मागचा पोरगा दोन बोटं उंच, त्याच्या बरोब्बर नाकासमोर अमोलचे खांदे.

एकदा त्याने तोंडावरच विचारलं, काय रे हे? अमोल म्हणाला, पीठ आहे. आमची गिरणी आहे ना.

गिरणी होती, हे खोटं नव्हतं. वडिलांची, बाजारपेठेच्या मागे. पण अमोल तिकडे वर्षातून चारदा फिरकायचा. आता एकदा पीठ म्हटल्यावर पीठ दिसायला हवं. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तो ब्लेझर घालूनच गिरणीवर हजर. वडिलांना एवढा आनंद झाला की त्यांनी त्याला स्टूल दिलं, डब्यांवरच्या चिठ्ठ्या बघायला शिकवलं, ज्वारी आधी का गहू आधी, उपासाचं दळण का वेगळं ठेवायचं, सगळं. अमोल ऐकायचा आणि निघताना गिरणीच्या तोंडाला बांधलेली कापडी पिशवी दोन वेळा जोरात झटकायचा. पीठ उडायचं, खांद्यावर बसायचं. काम फत्ते. वर्गात नाव बदललं, काश्मीरचं गिरणी झालं. हे त्याला चाललं.

घरी मात्र आईने ओळखलं होतं. डोकं कोरडं पडलंय म्हणून ती रोज रात्री अर्धी वाटी कोमट खोबरेल चोळायची, वरून टॉवेल. सकाळी डोकं चापून चोपून बसलेलं असायचं, एक कण दिसायचा नाही. अकरा वाजेपर्यंत. मग जे पडायचं ते आता पांढरं भुरभुरीत नसायचं, पिवळट, चिकट, मोठ्ठं. त्यात पहाटेचं पीठ. एकदा त्याने भांगात नख घातलं तर नखाखाली चक्क मळलेली कणीक निघाली.

जानेवारीत प्रयोगशाळेत आयोडीन होतं. बटाटा, पाव, भाताचं शीत, थेंब टाकायचा आणि निळंकाळं झालं की स्टार्च आहे असं लिहायचं. सर बाहेर गेले होते. कोणीतरी म्हणालं, अमोलचं पीठ तपासू. हसत हसतच झालं सगळं, दोघांनी दंड धरले, पांढरी टाइल खांद्याखाली धरली आणि ब्लेझर टिचकी मारून झटकला. टाइलवर चिमूटभर पडलं असेल. दोन थेंब. पहिला जरा बाजूला पडला, दुसरा बरोबर. काही कण लगेच निळेकाळे झाले. आणि बाकीचे, मोठे, चपटे, ते तसेच राहिले, पिवळट.

"हे पीठ नाही," ड्रॉपरवाला म्हणाला. एवढंच म्हणाला.

अमोल तीन दिवस शाळेत गेला नाही. पोट दुखतंय. गिरणीवरही गेला नाही, आणि वडिलांना खटकलं ते हेच. शाळा बुडवली हे त्यांना दुपारनंतर कळलं, गिरणीवर आला नाही हे पावणेसहालाच. चौथ्या दिवशी ते दळण अर्धवट ठेवून घरी आले, कॉटवर बसले, टोपी काढली. टोपीखाली केस काळेभोर, टोपीबाहेर भुवयांपर्यंत सगळं पांढरं. मग त्यांनी पोराचं डोकं मांडीवर घेतलं आणि उजेडाकडे करून भांग पाडत पाडत बघितलं, जसं धान्यात किडे बघतात तसं.

नाशिकला डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं तर तेल कधी लावता. मग एक शाम्पू लिहून दिला, आठवड्यातून दोनदा, आणि म्हणाले लावल्या लावल्या धुवायचा नाही, घड्याळ लावून पाच मिनिटं. बादलीतलं पाणी गार होत असताना पाच मिनिटं फार मोठी असतात. वडील मोरीच्या दाराबाहेर हातात घड्याळ घेऊन उभे. "तीन झाली. थांब. बोटाने चोळ, नखाने नको. चार."

फेब्रुवारी संपता संपता खांदे कोरे झाले. एका पहाटे तो परत गिरणीवर गेला, कशाला ते त्यालाही माहीत नसावं. निघताना वडील म्हणाले, अरे खांदा झटक, पीठ लागलंय. त्याने बघितलं. झटकलं नाही. तसाच गेला.

---

रानजाई

कणकेचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. सेलोटेपही. हे कोणीतरी केलेलं असल्याशिवाय सुचत नाही.

शेवट मला जरा गोड वाटला, पण वडील गिरणीवर आला नाही म्हणून चौकशी करतात तिथे मी अडकले. पोराची गिरणी त्यांच्यासाठी खरी होती आणि पोरासाठी नाटक.

चुलत_मामा

छान लिहिलंय. शाम्पूचं नाव काय ते लिहाल का? आमचा चिरंजीव आठवीत आहे त्याला पण हाच त्रास, ब्लेझर नाही पण स्वेटर मरून आहे. आम्ही लिंबू आणि दही लावतो रविवारी आणि रोज तेल. थंडीत स्किन ड्राय होते म्हणून कोंडा होतो हे तर सगळ्यांना माहिती आहे त्यामुळे तेल मस्ट. पण या वर्षी जातच नाहीये.

रानजाई

मामा ही कथा आहे हो 😀

चुलत_मामा

कथा आहे ते कळलं, शाम्पू खरा असेल ना?

काउंटरपलीकडून

मेडिकलच्या काउंटरमागे बावीस वर्षं काढली आहेत त्यामुळे कथेबद्दल नाही बोलत, मामांशी बोलतो.

मामा, थंडीत वाढतो हे तुमचं बरोबर. कोरडेपणामुळे होतो हे बहुतेक वेळा चूक. मालासेझिया नावाचं एक यीस्ट असतं, ते तुमच्या आमच्या सगळ्यांच्याच डोक्यावर असतं, म्हणून हा रोग कंगव्यातून लागला वगैरे पण नाही. त्याचं खाणं म्हणजे त्वचेतून येणारं तेल. ते तेल फोडून खातं आणि त्यातून जे उरतं त्याने काही लोकांची त्वचा चिडते, मग कातडीच्या पेशी घाईघाईने सुटतात आणि एकेकट्या न पडता चिकटून पापुद्रा होऊन पडतात. म्हणून पाच वर्षाच्या पोराला कोंडा सहसा नसतो आणि तेरा चौदाला सुरू होतो, त्या वयात तैलग्रंथी जोरात कामाला लागतात. घाणेरडेपणाशी संबंध नाही हो. दिवसाआड न्हाणाऱ्या पोरालाही होतो.

आता त्यावर रात्रभर खोबरेल म्हणजे त्याच्या पानात आणखी वाढणं.

शाम्पूचं नाव नाही लिहीत, औषध सांगतो. केटोकोनॅझोल २ टक्के. आठवड्यातून दोनदा, असं दोन ते चार आठवडे, मग एक-दोन आठवड्यातून एकदा चालू ठेवायचा. इथेच लोक घसरतात. बरं वाटलं की बाटली कोपऱ्यात, दीड दोन महिन्यात परत. माझ्याकडे येऊन म्हणतात औषध बोगस होतं. औषध बोगस नाही, यीस्ट कायमचं जात नसतं, ते फक्त दाबून ठेवायचं. दुसरी घसरण कथेत आहे तीच, लावलं की लगेच धुतलं. तीन ते पाच मिनिटं डोक्यावर राहायला हवं, आणि केसांना नाही, कातडीला. पोरं केसांचा फेस करतात, मुळाशी काही पोचतच नाही.

लिंबू बंद करा प्लीज. खाजवून जखमा असतात त्यावर आग होते आणि ती आग म्हणजे औषध लागू पडतंय असं वाटतं, तसं नसतं ते.

आडगावची_आजी

मी सत्तरीला आले. आयुष्यभर डोक्याला तेल. केस बघा या वयात. आमच्या वेळी कुणाला कोंडाबिंडा नव्हता आणि ही शाम्पू पण नव्हती. तेलाला नावं ठेवायची फॅशन झाली आहे.

काउंटरपलीकडून

आजी, केसांना तेल चांगलं असेल, त्यावर मी भांडत नाही. ज्याला कोंडा नाही त्याने खुशाल लावा. पण ज्याला आहे त्याला तेल लावल्यावर बरं *दिसतं*, ते का सांगू, पापुद्रा तेलाने कातडीला चिकटून बसतो. पडत नाही म्हणजे गेला असं नाही. कथेत अकरा वाजेपर्यंत म्हटलंय ना, ते अगदी बरोब्बर पकडलंय. फार जाड थर साचला असेल तर धुवायच्या तासभर आधी तेल लावून मऊ करायला हरकत नसते, पण मग लगेच शाम्पू. रात्रभर नाही.

आडगावची_आजी

तासभर म्हणजे लावायचंच ना शेवटी.

तिरपागडा

मी वेगळंच सांगतो. दहावीपासून मला कोंडा होता, म्हणजे सगळे कोंडाच म्हणायचे. काउंटरवाले सांगतायत तसा शाम्पू मी दोन वर्षं वापरला, पाच मिनिटं काय पंधरा मिनिटं ठेवला. काहीच नाही. पापुद्रे जाड, चांदीसारखे, आणि खाली लाल. केसांची रेषा ओलांडून कपाळावर यायला लागले, कानामागे पण. कॉलेजात असताना एका स्किनच्या मॅडमनी डोकं न बघता आधी शर्टाच्या बाह्या वर करायला सांगितल्या. कोपरावर तसेच चट्टे होते, मी ते सायकलवरून पडल्याचे समजायचो. सोरायसिस निघालं. औषधं वेगळी, गोष्टच वेगळी. त्यामुळे कथेतला सगळा फेब्रुवारीत कोरा झाला हे वाचून मला थोडी चीड आली खरं सांगायचं तर. सगळ्यांचं नाही होत.

काउंटरपलीकडून

तिरपागडा, बरं झालं लिहिलंत. महिनाभर नीट वापरून फरक नसेल तर बाटली बदलत बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. आणखी एक, लहान पोरांत गोल चकंदळ पडून तिथले केस मुळाशी तुटत असतील तर तो कोंडा नाही, ते गजकर्णच असतं डोक्याचं, त्याला पोटातून गोळ्या लागतात, नुसत्या शाम्पूने जात नाही. आणि कणी केसाला धरून बसलीय, फुंकलं तरी हलत नाही, तर ती लीख. ते बघून निम्म्या आया कोंड्याचा शाम्पू नेतात.

दळणवाला

आमच्या घरात तीन पिढ्यांची गिरणी आहे म्हणून लिहितो. कथा आवडली पण लेखकाने गिरणी बाहेरून बघितली आहे असं वाटतं. दगडातून पीठ निघतं ते गरम निघतं, हाताला चांगलं जाणवतं, आणि पहाटे थंडीत तर पिशवीच्या तोंडातून वाफ दिसावी तसं उडतं. ते अंगावर बसतं ते कणाकणाने नाही, सगळीकडे सारखं, बाहीवर, भुवईवर, नाकपुडीत. नुसतं खांद्यावर पीठ आहे आणि भुवया काळ्या, असला गिरणीवाला नसतो. आमच्या वर्गात असता तर मी आयोडीनशिवाय सांगितलं असतं.

आणि पीठ बोटाने पुसलं की फरकटतं. कोंडा पुसला की पडतो. हे पोरांना कळायला काय अवघड होतं?

भरडा

दळणवाला, मान्य. गरम पिठाचं माहीत नव्हतं, घालायला हवं होतं. गिरणी मी बाहेरूनच पाहिली आहे.

खडू_फळा

शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोग बरोबर आहे, कोंडा म्हणजे कातडीच्या मेलेल्या पेशी, प्रथिन, त्यात स्टार्च नाही म्हणून आयोडीन आपल्या रंगाचंच राहतं. आणि टाइलवर घेतलं ते चांगलं केलंत, नेव्ही ब्लूवर निळंकाळं काय दिसणार होतं. बहुतेक जण लिहिताना थेट ब्लेझरवर टाकतील.

पण मला एक प्रश्न पडलाय. अख्खी कथा अमोलच्या बाजूने आहे, त्याच्या मानेवर फुंकर कशी लागते तेही आहे. फक्त त्या एका परिच्छेदात कॅमेरा दुसरीकडे गेलाय. दोन थेंब, पहिला जरा बाजूला पडला. ज्याचे दंड धरले आहेत त्याला पहिला थेंब कुठे पडला ते दिसत नाही.

रानजाई

अगं बाई. खरंच की.

भरडा

दोन दिवस इथे आलो नाही कारण वरच्या प्रतिसादाला काय लिहायचं ते कळत नव्हतं.

ड्रॉपर माझ्या हातात होता. नाव अमोल नाही. युक्त्या, आईचं तेल, मोरीच्या दाराशी घड्याळ, हे सगळं त्यानेच पुढे बारावीनंतर सांगितलं, एका रात्री एसटीच्या प्रवासात, हसत हसत. मी पण हसलो. सेलोटेपचं सांगितलं तेव्हा मला आठवलं की मी त्याच्याकडे एकदा फाटलेल्या नकाशासाठी सेलोटेप मागितला होता आणि त्याने दिला नव्हता, आणि त्यावरून पण मी त्याला कंजूष म्हणून घेतलं होतं.

प्रयोगाची आयडिया माझी नव्हती. हे लिहून काही फरक पडत नाही हे माहीत आहे.

तिरपागडा

मग कथा तुमची लिहायची होती, त्याची कशाला लिहिलीत? त्याच्या डोक्यातली खाज तुम्ही लिहिलीत आणि स्वतःच्या हातातला ड्रॉपर "कोणीतरी" केलात.

रानजाई

इतकं पण नको रे. निदान टाकली तरी त्यांनी.

तिरपागडा

माझ्या वर्गात पण असा एक होता. तो आता दरवर्षी वाढदिवसाला मेसेज करतो. मी उत्तर देतो. पण मला त्याने माझी कथा लिहिलेली चालणार नाही.

भरडा

त्याला विचारून टाकली आहे. म्हणाला टाक, पण शेवट बदल, मी पीठ झटकलं होतं. मी बदलला नाही. आता वाटतंय बदलायला हवा होता.

दळणवाला

झटकलंच असणार. गिरणीवाला बाहेर पडताना झटकतोच, सवय असते ती, त्यात विचार नसतो. लेखकाला वाटतं काहीतरी अर्थ आहे.

खडू_फळा

यावर वर्गात काय करायचं हे मला अजून नीट जमलेलं नाही. एकदा मी सगळ्यांसमोर कोंड्यावर दहा मिनिटं बोलले, यीस्ट वगैरे, कुणाचंही नाव न घेता, आणि सगळा वर्ग वळून एकाच मुलीकडे बघायला लागला. नंतर कधी तो विषय काढला नाही. प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभं करणं मात्र मी या वर्षी बंद केलंय, दुसऱ्याच कारणाने, पण आता वाटतं बरं झालं.

आडगावची_आजी

त्या मुलाच्या आईचं मला वाईट वाटलं. रोज रात्री ती चोळत बसायची. तिला कोणी सांगितलं का नंतर? कथेत डॉक्टरकडे बाप गेला, आई कुठे गेली?

भरडा

आजी, हे मी त्याला विचारलंच नाही कधी.

चुलत_मामा

अपडेट देतो. शाम्पू आणला २ टक्केवाला, दोनदा झाला. पाच मिनिटं मोबाइलवर टायमर लावून. तेल बंद केल्यावर घरात सासूबाई दोन दिवस बोलत नव्हत्या, मग आजींचा प्रतिसाद वाचून दाखवला तासभर आधीवाला, त्यावर तोडगा निघाला. फरक अजून विशेष नाही, काउंटरवाले म्हणतात तसं चार आठवडे थांबतो.

दुसरं म्हणजे काल त्याच्या दप्तरात भूमितीसाठी कर्कटक शोधत होतो. कंपास उघडला तर आत सेलोटेपचा रोल आहे. जवळजवळ संपलेला. परत होता तसा ठेवला. अजून काही विचारलं नाहीये त्याला.